इटालियन चर्चची सूचनापत्रिका मराठीत आणताना

इटलीतल्या बहुतेक चर्चच्या दाराशी रविवारी एक घडी घातलेला कागद ठेवलेला असतो. त्याला ‘फोल्येत्तो’ म्हणतात. आत आठवड्याच्या मिस्सांच्या वेळा, कोणत्या मृतांसाठी मिस्सा आहे त्यांची नावे, सण, प्रवचनवर्ग, वर्गणी आणि तळाशी एखादी छोटी प्रार्थना असते. मुलाकडे किंवा मुलीकडे तीन महिन्यांसाठी राहायला आलेले वसईचे आईवडील पहिल्याच रविवारी तो कागद हातात घेऊन विचारतात, “यात काय लिहिलंय गं?” मी हे काम अशाच प्रश्नांतून सुरू केले. नव्याने सुरू करणाऱ्याला उपयोगी पडेल असे काही इथे लिहीत आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. त्या एका कागदावर दोन अगदी वेगळ्या जातीचा मजकूर असतो. सूचनेचे भाषांतर करायचे असते. प्रार्थनेचे भाषांतर करायचे नसते, ती मराठीत आधीच आहे आणि आपण ती फक्त शोधून आणायची असते. नवख्या माणसाच्या बहुतेक चुका या दोन्हींना एकच नियम लावल्यामुळे होतात. सूचना शब्दाला शब्द धरून करतो म्हणून ती कळत नाही, आणि प्रार्थना स्वतःच्या मनाने करतो म्हणून ती कुणाला म्हणता येत नाही.

म्हणून पेन्सिल घ्या आणि कागदावर खुणा करा. जे पुढच्या आठवड्यात बदलेल (वेळ, तारीख, जागा, नाव) त्याखाली रेघ ओढा. जे शंभर वर्षांपूर्वीही तसेच होते आणि सगळे मिळून एका आवाजात म्हणतात त्याला चौकट करा. रेघेचे काम तुमचे. चौकटीचे काम छापील प्रार्थनापुस्तकाचे.

आधी सूचना

नमुना म्हणून मी एक पत्रिका रचते. ती कोणत्याही एका चर्चची नाही, पण तारखा २०२४ च्या खऱ्या आहेत आणि भाषा अशा कागदांवर हमखास भेटणारी आहे. मजकुराचा गोषवारा असा: रविवारी २७ ऑक्टोबरला ‘ओरा सोलारे’ परत येते. सोमवारपासून ‘मेस्सा फेरियाले’ ६.३० वरून ५.३० वर ‘आंतिचिपाता’. बुधवार ३० ‘ची. एम.’ रोजी सकाळी ८.३० ची मिस्सा ‘सोस्पेजा’. गुरुवार ३१, सायंकाळी ६ वाजता ‘प्रेफेस्तिवा’. शुक्रवार १ नोव्हेंबर, सर्व संत, मिस्सा ‘ओरारियो फेस्तिवो’प्रमाणे, आणि दुपारी ३ वाजता ‘चिमितेरो’त ‘लितुर्जिया देल्ला पारोला’ व कबरींना आशीर्वाद. शनिवार २ नोव्हेंबर, सकाळी १० वाजता धर्मग्रामातील मृतांच्या ‘सुफ्फ्राजो’साठी मिस्सा, ‘दॉन मार्को’ अर्पण करतील. मिस्सेसाठी नावे ‘साग्रेस्तीया’त द्यावीत, ‘ओफ्फेर्ता लीबेरा’. तळाशी मृतांसाठीची प्रार्थना.

पहिला खड्डा ‘फेरियाले’चा. इटालियन थोडेफार येणाऱ्याला ‘फेरिये’ म्हणजे सुट्टी हे ठाऊक असते, म्हणून तो ‘फेरियाले’ म्हणजे सुट्टीच्या दिवसाची मिस्सा असे लिहून मोकळा होतो. अर्थ नेमका उलटा आहे. चर्चच्या पंचांगात रविवार आणि मोठे सण सोडून उरलेला साधा दिवस म्हणजे ‘फेरिया’. ‘जोर्नो फेरियाले’ म्हणजे कामाचा दिवस, आणि ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार किंवा सण. बसच्या वेळापत्रकावरही हेच दोन शब्द याच अर्थाने असतात. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. मैत्रिणीच्या सासूबाई माझ्यावर विसंबून सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चर्चला गेल्या आणि बंद दाराला हात जोडून परत आल्या. मराठीत ‘रोजची (सोमवार ते शुक्रवार)’ आणि ‘रविवार व सणाची’ असे लिहिले की काम झाले. मात्र शनिवार कुठे मोडतो ते त्या चर्चच्या वेळापत्रकात पाहून घ्या, कारण शनिवारी संध्याकाळची मिस्सा बहुधा रविवारचीच असते.

तीच ‘प्रेफेस्तिवा’. सणाच्या किंवा रविवारच्या आदल्या संध्याकाळी होणारी, पण त्या सणाचीच मिस्सा. ‘सणापूर्वीची मिस्सा’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटते की तयारीची काहीतरी मिस्सा आहे आणि सणाला पुन्हा यावे लागेल. ‘सर्व संतांच्या सणाची मिस्सा, आदल्या संध्याकाळी’ असे लिहा.

‘आंतिचिपाता’ म्हणजे अलीकडे ओढलेली, ‘पोस्तिचिपाता’ म्हणजे पुढे ढकललेली. मराठीत घोटाळा आपल्याच ‘पुढे’ या शब्दाचा आहे. मिस्सा ‘एक तास पुढे आणली’ असे लिहिले तर निम्मे लोक ७.३० ला येतील. त्यामुळे दोन्ही वेळा लिहून टाकाव्यात: ‘साडेसहाऐवजी साडेपाच वाजता’. याच ओळीत ‘ओरा सोलारे’ आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इटलीतली घड्याळे एक तास मागे जातात. हे ज्याला माहीत नाही तो त्या दिवशी तासभर आधी पोचतो, म्हणून ‘घड्याळ एक तास मागे करावे’ हे मराठीत उघड लिहावे, मूळ कागदावर नसले तरी. घरून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांसाठी मी आणखी एक ओळ जोडते: भारताशी साडेतीन तासांचे अंतर आता साडेचार तासांचे होईल, म्हणजे इथली साडेपाचची मिस्सा वसईत रात्री दहा वाजता दिसेल.

‘सोस्पेजा’ला शब्दकोश ‘स्थगित’ किंवा ‘निलंबित’ म्हणतो. मराठीत निलंबित होतो तो तलाठी. चर्चच्या सूचनेत तो शब्द आला की काहीतरी भानगड झाली असे वाटते. इथे अर्थ साधा आहे: त्या दिवशी ती मिस्सा होणार नाही. आणि ‘ची. एम.’ हे ‘कोर्रेन्ते मेझे’चे आद्याक्षर, म्हणजे चालू महिना. ते सोडून द्या आणि महिन्याचे नाव घाला.

आता त्या कागदावर सगळीकडे पसरलेला ‘एस’. एक ‘एस’ आणि टिंब असेल तर ‘सांता मेस्सा’, पवित्र मिस्सा. दोन ‘एस’ असतील तर थांबा. ‘मेस्से’ या अनेकवचनापुढे दोन ‘एस’ असले तर ते फक्त अनेकवचन आहे: पवित्र मिस्सा, एकाहून अधिक. इटालियनमध्ये अनेकवचनाचे लघुरूप अक्षर दुप्पट करून दाखवतात. पेत्रो आणि पाओलो यांच्या नावापुढे दोन ‘एस’ म्हणजे ‘संत पेत्र व संत पौल’, पुन्हा अनेकवचन. पण ‘साक्रामेन्तो’ किंवा ‘त्रिनिता’ या एकवचनी शब्दापुढे तेच दोन ‘एस’ असले तर ते ‘सांतिस्सिमो’ किंवा ‘सांतिस्सिमा’ आहे, परमपवित्र. पुढचा शब्द एकवचनी की अनेकवचनी, एवढे पाहिले की उलगडा होतो.

दोन ठिकाणी अर्थ बदलला तर माणूस फसतो

१ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता दफनभूमीत जे होणार आहे ती मिस्सा नाही. ‘लितुर्जिया देल्ला पारोला’ म्हणजे पवित्र शास्त्रातले वाचन, स्तोत्र, प्रार्थना. त्यात ख्रिस्तप्रसाद नसतो. भाषांतरात सवयीने ‘मिस्सा’ पडली तर एखाद्या आजीबाई सकाळची मिस्सा चुकवून दुपारची धरतील, आणि सणाची मिस्साच त्यांना मिळणार नाही. ‘शास्त्रवाचन व प्रार्थना (मिस्सा नाही)’ असे कंसासकट लिहायला संकोच करू नका.

दुसरे ‘चिमितेरो’. वसईत दफनभूमी म्हटले की चर्चच्या आवारातली किंवा चर्चला लागून असलेली जागा डोळ्यांपुढे येते. इटलीत ती बहुतेकदा गावाबाहेर असते आणि नगरपालिकेची असते. नेपोलियनने १८०४ मध्ये काढलेला वस्तीबाहेर दफन करण्याचा हुकूम पुढे इटलीतही लागू झाला, त्याचा हा परिणाम. म्हणून नुसते ‘दफनभूमीत’ लिहिले तर आपला माणूस चर्चच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहतो. ‘गावाबाहेरील दफनभूमीत’ असे लिहा आणि रस्त्याचे नाव द्या.

रस्त्यांवरून आठवले, नावांचा एक नियम लक्षात ठेवा. संताचे नाव सणात आले तर मराठी रूप: जोव्हान्नी म्हणजे योहान, जाकोमो म्हणजे याकोब, मात्तेओ म्हणजे मत्तय, स्तेफानो म्हणजे स्तेफन. पण तेच नाव चर्चच्या इमारतीचे किंवा चौकाचे असेल तर इटालियन उच्चार तसाच ठेवा. ‘संत योहानाचे चर्च कुठे आहे’ असे विचारून कुणी पोचणार नाही. ‘सान जोव्हान्नी’ विचारले तर भाजीवालाही बोट दाखवेल. सान, सांतो, सांत आणि सांता ही चारही रूपे इटालियन व्याकरणाची आहेत. मराठीत चौघांनाही ‘संत’.

आदर कुठे दाखवायचा

‘दॉन मार्को’ला ‘डॉन मार्को’ लिहून पाठवलेला एक निरोप मी पाहिला आहे. मुंबईच्या वाचकाला त्यावर काय सुचले असेल ते सांगायला नको. ‘दॉन’ ही इटलीत धर्मप्रांताच्या धर्मगुरूला लावायची आदराची उपाधी आहे आणि ती पाळण्यातल्या नावाला लागते. संन्यस्त संघातल्या धर्मगुरूला, उदाहरणार्थ फ्रान्सिस्कन, ‘पाद्रे’ म्हणतात. मराठीत दोघेही ‘फादर’. ‘पार्रोको’ म्हणजे प्रमुख धर्मगुरू. ‘सुओरा’ म्हणजे सिस्टर. बिशपांच्या नावामागे ‘मोन्सिन्योर’ दिसले तर तसेच उचलू नका, कारण इटलीत बिशपांनाही तसे संबोधतात आणि आपल्याकडे मोन्सिन्योर म्हणजे बिशप नव्हेत. ‘वेस्कोवो’ असा शब्द जवळ आहे का पाहा आणि असेल तर सरळ ‘बिशप’ लिहा.

फादर, सिस्टर, बिशप, पोप यांच्यासाठी क्रियापद आदरार्थी बहुवचनी: ‘फादर मार्को मिस्सा अर्पण करतील’. इटालियन वाक्यात ते एकवचनी असते, म्हणून घाईत ‘करेल’ लिहिले जाते. संगणकावरचे भाषांतर घेऊन नंतर दुरुस्त करणाऱ्यांच्या मजकुरात ही चूक सर्वांत जास्त दिसते.

सूचनेतला विनंतीचा सूर मराठीने आधीच सोपा करून ठेवला आहे. इटालियनमध्ये ‘सी प्रेगानो ई फेदेली’ असे येते. ‘प्रेगारे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: प्रार्थना करणे आणि विनंती करणे. ‘मोबाइल बंद ठेवण्याची प्रार्थना केली जाते’ असे मराठीत कुणी म्हणत नाही. ‘भाविकांनी मोबाइल बंद ठेवावेत ही विनंती’ असे म्हणतो. कर्मणी प्रयोगाच्या मागे न धावता ‘-वे’, ‘-वेत’ची रूपे वापरली की सूचना अदबशीरही होते आणि छोटीही. हे ‘प्रेगारे’ लक्षात ठेवा, प्रार्थनेत ते पुन्हा भेटणार आहे.

‘ओफ्फेर्ता’ हा शब्द दुकानाच्या काचेवर सवलतीसाठी असतो आणि चर्चच्या कागदावर दानासाठी. ‘ओफ्फेर्ता लीबेरा’ म्हणजे ‘ऐच्छिक अर्पण’. मिस्सेच्या संदर्भात दर, शुल्क, फी असे शब्द चुकूनही येऊ देऊ नका. जे दिले जाते ते अर्पण आहे, किंमत नाही.

मृतांच्या नावांपुढे कागदावर ‘देफ.’ असते, ‘देफुन्तो’चे लघुरूप. मराठीत हात आपोआप ‘कै.’ कडे जातो. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. रोजच्या वापरात तो अर्थ घासून गेला आहे हे खरे, पण चर्चच्या सूचनेत तो खटकतोच. ‘दिवंगत’ लिहा, किंवा तुमच्या समाजात रूढ असेल तर ‘ख्रिस्तवासी’. इटालियन कागदावर आडनाव अनेकदा आधी येते, ते मराठीत मागे न्या. ‘इन सुफ्फ्राजो’ला एक शब्द शोधत बसू नका. ‘यांच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून’ एवढे पुरते.

आता ती पत्रिका मराठीत अशी होते:

*रविवार, २७ ऑक्टोबर: आजपासून घड्याळ एक तास मागे करावे. उद्यापासून रोजची (सोमवार ते शुक्रवार) संध्याकाळची मिस्सा साडेसहाऐवजी साडेपाच वाजता होईल.*

*बुधवार, ३० ऑक्टोबर: सकाळी साडेआठची मिस्सा होणार नाही.*

*गुरुवार, ३१ ऑक्टोबर: संध्याकाळी ६ वाजता सर्व संतांच्या सणाची मिस्सा (आदल्या संध्याकाळची).*

*शुक्रवार, १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण: मिस्सा रविवारच्या वेळेप्रमाणे. दुपारी ३ वाजता गावाबाहेरील दफनभूमीत शास्त्रवाचन, प्रार्थना व कबरींना आशीर्वाद (मिस्सा नाही).*

*शनिवार, २ नोव्हेंबर, सर्व मृत भाविकांचे स्मरण: सकाळी १० वाजता आपल्या धर्मग्रामातील सर्व दिवंगतांच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून फादर मार्को मिस्सा अर्पण करतील.*

*मिस्सेसाठी नावे द्यायची असल्यास वेदीमागील खोलीत (साग्रेस्तीया) द्यावीत. अर्पण ऐच्छिक.*

‘साग्रेस्तीया’ कंसात ठेवले, कारण दारावर तोच शब्द लिहिलेला असतो.

मग चौकटीतला मजकूर

इथे पेन खाली ठेवायचे आणि पुस्तक उघडायचे. तुमच्या धर्मप्रांतात वापरात असलेले मराठी प्रार्थनापुस्तक किंवा मिस्सेची पुस्तिका, छापलेली. गावाहून येणाऱ्या कुणाला तरी एक प्रत आणायला सांगा. इंटरनेटवर शोधून उचलू नका, आणि त्याची कारणे ठोस आहेत. शोधात जे मराठी ख्रिस्ती साहित्य मिळते त्यातले बरेच प्रोटेस्टंट मंडळ्यांचे असते. तिथे मिस्सेऐवजी उपासना आहे, धर्मगुरूऐवजी पाळक. त्यांच्या घरी ते शब्द बरोबर आहेत, इटालियन कॅथलिक कागदाच्या भाषांतरात ते चुकीची माहिती देतात. दुसरे, देवनागरीत ‘नमान मोरिये’ असे सुरू होणारी प्रार्थना सापडली तर ती कोकणी आहे. गोव्याच्या चर्चची भाषा कोकणी, वसईच्या चर्चची मराठी. वसईत घरी सामवेदी बोलणारी माणसेही प्रार्थना प्रमाण मराठीतच म्हणतात.

स्वतः भाषांतर का करायचे नाही, याला नियमाचा आधार आहे. उपासनाविधीचे ग्रंथ मूळ लॅटिनमधून आपापल्या भाषेत आणण्याचे काम बिशपांच्या परिषदेकडे आहे आणि त्यावर रोमची मोहोर लागते. चर्च कायद्याचे ८३८ वे कलम हेच सांगते. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मराठी मिस्सा इटालियनवरून आलेली नाही. मराठी आणि इटालियन दोन्ही लॅटिनकडून आल्या, त्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. इटालियनमध्ये एखादा शब्द वेगळा दिसला म्हणून मराठी चुकली असे होत नाही.

याची खरी परीक्षा ‘पाद्रे नोस्त्रो’त, म्हणजे ‘आमच्या स्वर्गातील पित्या’त झाली. इटलीत पिढ्यानपिढ्या लोक ‘नॉन चिंदुर्रे इन तेंतात्सियोने’ म्हणत आले, आम्हांला मोहात नेऊ नको. इटालियन बिशपांनी मिस्साग्रंथाची नवी आवृत्ती काढली तेव्हा ती ओळ ‘नॉन आब्बांदोनार्ची आल्ला तेंतात्सियोने’ झाली, आम्हांला मोहाच्या हवाली करू नको. देव माणसाला मोहात ढकलतो असा अर्थ निघू नये, हा हेतू. नवी आवृत्ती २९ नोव्हेंबर २०२० पासून वापरता येऊ लागली आणि ४ एप्रिल २०२१ च्या ईस्टरपासून सक्तीची झाली. याच प्रार्थनेत ‘जसे आम्ही’चे ‘जसे आम्हीही’ झाले.

आता समजा कागदावर ही नवी ओळ छापली आहे. मराठीत काय लिहायचे? जे वसईत म्हणतात आणि तुमच्या पुस्तिकेत छापले आहे तेच. इटालियन ओळ बदलली म्हणून मी मराठी बदलली, तर माझ्या कागदावर नजर ठेवून म्हणणारे आजोबा त्या शब्दाशी अडखळतील आणि शेजारच्या बाकावरची बाई जुनेच म्हणत पुढे जाईल. एका आवाजात म्हणायची प्रार्थना तिथे फुटते. फरक समजावून सांगायचा असेल तर प्रार्थनेखाली वेगळ्या ओळीत, लहान अक्षरात सांगा.

‘पाने’ म्हणजे पाव. म्हणून ‘रोजचा पाव’ करावे का, असे एकाने मला विचारले होते. वसईकराच्या घरी सकाळी पावच असतो, तेव्हा प्रश्न अगदी वेडगळ नव्हता. पण मराठीत ती ‘रोजची भाकर’ झाली आणि रुजली. तसेच ‘देबिती’ म्हणजे कर्जे. मराठी शास्त्रातही ‘ऋणे’ आहेत. तुमच्या पुस्तिकेत तिथे ‘अपराध’ असेल तर पुस्तिकेचे खरे.

चौकटीतल्या मजकुरात शब्दकोश कसा दगा देतो याची दोन उदाहरणे देते. ‘आवे मारिया’त ‘फ्रुत्तो देल तुओ सेनो’ असे आहे. आजच्या बोलीत ‘सेनो’ म्हणजे स्त्रीची छाती, आणि शब्दकोश पहिला अर्थ तोच देतो. प्रार्थनेत त्याचा जुना अर्थ आहे, कूस, उदर. पुस्तक न उघडता भाषांतर करणाऱ्याने इथे काय लिहिले असेल याची कल्पनाही नको. दुसरे ‘ग्लोरिया अल पाद्रे’च्या शेवटचे ‘नेई सेकोली देई सेकोली’. ‘सेकोलो’ म्हणजे शतक, पण मराठीत ‘शतकांच्या शतकांत’ नाही तर ‘युगानुयुग’. आपल्या प्रार्थनेचा ठेका त्या एका शब्दावर येऊन थांबतो.

आणि ते मघाचे ‘प्रेगारे’. ‘आवे मारिया’त ‘प्रेगा पेर नोई’ येते. मराठीत मरियेला आपण बहुतेक ठिकाणी ‘आमच्यासाठी विनंती कर’ असेच म्हणतो. मोबाइल बंद ठेवण्याची आणि मरणाच्या घडीची, दोन्हीकडे इटालियनमध्ये एक शब्द आणि मराठीतही एकच निघाला. मला हा योगायोग फार आवडतो. तुमच्या पुस्तकात ‘प्रार्थना कर’ असेल तर अर्थातच तेच ठेवा.

प्रार्थनेतला आदर सूचनेतल्या आदराच्या उलट वागतो. नवखा माणूस देवासाठी ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ वापरून जास्त अदब आणायला जातो: ‘हे प्रभू, आपण आम्हांला क्षमा करावी’. मराठीत देव ‘तू’च असतो, विठ्ठलही आणि येशूही. इटालियनमध्येही तिथे ‘तू’ हाच शब्द आहे, त्यामुळे ओढाताण नाही. ‘दे’, ‘कर’, ‘सोड’ ही उघडी आज्ञार्थी रूपेच प्रार्थनेची भाषा आहेत.

पुस्तकात नसलेली प्रार्थना

कधीकधी चौकटीतला मजकूर पुस्तकात सापडत नाही. गावच्या आश्रयदात्या संताची प्रार्थना, एखाद्या बिशपांनी त्या वर्षासाठी लिहिलेली प्रार्थना. तेव्हा भाषांतर करावेच लागते. वर ‘समजण्यासाठी केलेले भाषांतर’ असे लिहा, म्हणजे ती कुणी मिस्सेत वाचायला घेणार नाही.

अशा प्रार्थनांचा साचा जवळजवळ ठरलेला आहे. ‘ओ दियो, के…’ म्हणजे ‘हे देवा, ज्याने…’ अशी हाक, मग देवाने काय केले ते, मग ‘कोंचेदी’ म्हणून मागणे, आणि शेवटी ‘पेर क्रिस्तो नोस्त्रो सिन्योरे’. ते ‘के’ मराठीत जसेच्या तसे आणले की असे काही होते: ‘हे देवा, ज्याने आपल्या लोकांना चांगला मेंढपाळ दिला, आम्हांला त्याच्या वाटेने चालण्याचे प्रदान कर.’ वाचताना दम लागतो आणि देव तृतीय पुरुषी होऊन दूर जातो. साचा मोडून दोन वाक्ये करा: ‘हे देवा, तू आपल्या लोकांना चांगला मेंढपाळ दिलास. त्याच्या वाटेने चालण्याची कृपा आम्हांला दे.’ ‘ज्याने’च्या जागी ‘तू’ आला आणि क्रियापद ‘दिलास’ झाले, एवढाच बदल. शेवटचे वाक्य मात्र स्वतः करायचे नाही. ‘आमचा प्रभू ख्रिस्त याच्याद्वारे’ याचे जे रूप तुमच्या मिस्सेच्या पुस्तिकेत असेल तेच हुबेहूब लावा. ते ऐकले की लोक आपसूक ‘आमेन’ म्हणतात, आणि एक शब्द हलला तर ‘आमेन’ उशिरा येतो. भाषांतर बिघडले हे ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

राहिली आपल्या नमुना-पत्रिकेच्या तळाची ओळ: ‘लेतेर्नो रिपोजो’, मृतांसाठीची प्रार्थना. ती पुस्तकात आहे, म्हणून तिथूनच घ्यायची. इटालियनमध्ये ती एका पुरुषासाठी, एका स्त्रीसाठी आणि अनेकांसाठी वेगवेगळी म्हणतात, सर्वनाम बदलते. मराठी पुस्तकात ती बहुधा ‘त्यांना’ धरून असते, आणि आपल्या भाषेत ‘त्यांना’ अनेकांनाही चालते आणि आदराने एकट्या आजीलाही. त्यामुळे थोरांसाठी काही बदलावे लागत नाही. लहान मूल गेले असेल तरच ‘त्याला’ किंवा ‘तिला’ करावे का, हे त्या घरच्यांना किंवा फादरांना विचारते. स्वतः ठरवत नाही.

सगळे झाल्यावर मूळ कागद आणि मराठी कागद शेजारी ठेवून फक्त आकडे तपासते. तारीख आणि वार जुळतात का, हे कॅलेंडर उघडून पाहते, कारण मूळ कागदावरही चूक असू शकते, मागच्या वर्षीचा मजकूर उचलून तारीख बदलायची राहिलेली असते. तशी चूक दिसली तर मराठीत गुपचूप दुरुस्त करत नाही. साग्रेस्तीयात जाऊन विचारते. मग प्रार्थना कुणातरी वडीलधाऱ्याला मोठ्याने म्हणायला सांगते, कागद त्यांच्या हातात देऊन. त्यांनी कागदाकडे न बघता शेवटपर्यंत म्हटली तर ती बरोबर उतरली आहे.